चाचांची बारा मिनिटं

नगरला येऊन मला तीन वर्षं झाली होती, आणि त्यातली दोन मी रात्रपाळीत काढली होती. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, बोलताना सगळे नगरच म्हणतात. माझं घर तिकडे पार भंडाऱ्याकडे, धानाच्या पट्ट्यात. घरी जायचं तर एक रात्र आणि निम्मा दिवस जातो, म्हणून मी फारसा जायचो नाही. आई शेजारणींना सांगायची, पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. मी दहावीत असतानाच शाळा सोडली होती हे त्या शेजारणींनाही माहीत होतं, पण आईच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे.

आमची कंपनी म्हणजे एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या वर तीन खोल्या. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही प्रोग्राम बनवायचो. माणूस किटली घेऊन येतो, वजनकाटा लिटर सांगतो, मशीन फॅट सांगतं, आणि ती नोंद त्या क्षणी आमच्या सर्व्हरवर येते. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करता करता मी हे प्रोग्राम लिहायला शिकलो होतो. कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी मला नोकरीवर घेतलं तेव्हा एकही सर्टिफिकेट मागितलं नाही. एक बिघडलेला प्रोग्राम समोर ठेवला, दोन तास दिले आणि स्वतः जेवायला निघून गेल्या. परत आल्या तेव्हा तो चालत होता. त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून ये." त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी जे होतं ते मला कधी नीट सांगता आलं नाही. त्याच्या खालीच एक भीतीही होती. एक दिवस कोणीतरी माझी शाळा विचारेल आणि हे सगळं संपेल.

रात्री दहा ते सकाळी आठ मी एकटा असायचो. मध्यरात्री बॅकअप निघायचा तो पाहायचा, दिवसा राहिलेला कोड लिहायचा, आणि साडेपाचला केंद्रं उघडली की फोन घ्यायचे. साडेपाचपर्यंत कोणाशी बोलणं नाही. कधी कधी पहिला फोन आला की माझा आवाजच फुटत नसे, घसा साफ करावा लागे. खिडकीतून टायरच्या दुकानाचा दिवा दिसायचा. तो कोणासाठी चालू ठेवत होते कोण जाणे, मला मात्र सोबत व्हायची.

जामखेडकडच्या एका गावातला प्रोग्राम दसऱ्यानंतर रोज पहाटे बंद पडायला लागला. रोज म्हणजे अगदी रोज. दूध घेणं मस्त चालू असायचं, मग एकदम पडद्यावरून प्रोग्रामच नाहीसा. तिथला कॉम्प्युटर जुना. परत चालू करून सभासदांची यादी येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जायची. तोवर रांग थंडीत उभी. शीतकरण केंद्राला जाणारा टेम्पो सातला यायचा आणि थांबायचा नाही, त्यामुळे मागच्या चार-पाच जणांचं दूध रोज मागे राहायला लागलं. ते लोक किटली परत घेऊन जायचे आणि वाटेत आमच्या नावाने काय बोलायचे ते मला फोनवर मुद्दाम ऐकवलं जायचं.

आम्ही सगळं करून पाहिलं. वजनकाट्याची वायर बदलली. वीज बघितली. शेवटी मॅडमनी ऑफिसातला एक चांगला कॉम्प्युटर तिकडे पाठवला, तोही त्याच वेळी पडला. प्रोग्राम आपण काय करतोय ते एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. त्या फाइलची शेवटची ओळ रोज एकच असायची: नोंद पाठवत आहे. त्यापुढे काही नाही. आमच्या सर्व्हरवर पाहिलं तर तिथे ती नोंद पोचलेलीच नसायची, आणि चुकीचं असंही काही दिसत नसे. दिवसा ऑफिसातल्या लोकांनी तोच प्रोग्राम शंभर नोंदी टाकून चालवला, एकदाही पडला नाही. दसऱ्याच्या आसपास आम्ही काहीच बदललं नव्हतं. मग आत्ताच काय झालं?

सकाळची पाळी त्या केंद्रावर एक वयस्क सचिव बघायचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. बावीस वर्षं ते हे काम करत होते, कागदाच्या वहीपासून. रोज साडेपाचला माझ्या फोनवर पहिला आवाज त्यांचा. काम नसलं तरी ते एकदा फोन करायचे. "बाळा, जागा हाय ना? चहा घेतला का?" एवढंच, आणि फोन ठेवायचे. त्या दिवसांत मला चहा घेतला का हे विचारणारे दोनच लोक होते, आई आणि चाचा.

एका सोमवारी सकाळी चाचांच्या गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनचा फोन आला. हा माणूस वाईट नव्हता. मागे राहिलेल्या दुधावरून रोज त्यालाच लोक धरत होते. पण बोलणं तिखट. माझ्या बोलण्यातलं भंडाऱ्याकडचं वळण त्याने पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं.

"ओ सपोर्टवाले," तो म्हणाला, "तुमी रोज म्हंता, बघून राहिलो, करून राहिलो. मशीन रोज पडून राहिलं. आता माझं ऐका. मागल्या हप्त्यात चाचा दोन दिस लेकीकडं गेल्ते. माझा पुतण्या बसला. मशीन पडलं का? न्हाई. सांजच्याला दुसरा माणूस असतो. तवा पडतं का? न्हाई. मग पडतं कुणाच्या हाताखाली?"

तो पुढे म्हणाला की शनिवारी संध्याकाळी कमिटीची बैठक आहे. तोपर्यंत कारण लेखी दिलं तर बरं, नाहीतर सकाळची पाळी चाचांकडून काढून पुतण्याला देणार. वय झालंय, हात कापतो, कुठलं तरी बटण दाबलं जात असेल, असं त्याचं म्हणणं.

मी चाचांना विचारलं, प्रोग्राम पडतो त्याच्या आधी तुम्ही नेमकं काय करता? ते म्हणाले, "काय करायचं? हितंच असतो. दूध घेतो." आवाज नेहमीचा नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला पुन्हा कसं विचारणार?

त्या रात्री मी दीड महिन्यातल्या नोंदींच्या वेळा कागदावर उतरवून काढल्या. पडद्यावर वाचून मला समजत नाही, हाताने लिहिलं की समजतं. त्यात दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे प्रोग्राम पडायची वेळ सरकत होती. दसऱ्याला सहाला आठ-दहा मिनिटं कमी असताना पडायचा, आता सहा वाजून दहा-बारा मिनिटांनी. आणि दुसरं, पडायच्या आधी रोज एक मोकळी जागा होती. मिनिटाला एक-दोन नोंदी येत असायच्या, मग एकदम बारा मिनिटं काहीच नाही. कधी अकरा, कधी तेरा. त्यानंतरच्या पहिल्याच नोंदीला प्रोग्राम बंद. पुतण्या बसला होता त्या दोन दिवसांत मोकळी जागाच नव्हती.

म्हणजे चेअरमन बरोबर होता? ती रात्र मला फार वाईट गेली.

मंगळवारी पहाटे मी चाचांना म्हटलं, आज मी तुमच्या कॉम्प्युटरचा पडदा इथून बघतो, आणि फोन चालूच ठेवून टेबलावर ठेवा. त्यांनी ठेवला. मला किटल्यांचे आवाज येत होते, खोकणं, कोणीतरी म्हशीला शिव्या देत होतं. पडद्यावर एकामागून एक आकडे उमटत होते. सहाला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि आकडे थांबले. मी इथे, दोन तासांच्या अंतरावर, एका स्थिर पडद्याकडे बघत बसलो. माउसचा बाण एकाच जागी उभा. मग फोनमधून एका बाईचा आवाज आला.

"चाचा गेलं का नमाजाला?"

"व्हय, आत्ताच. येतील की. बसा शेकत."

"मला घाई न्हाई. त्यांच्या येळंला कवा घाई केली आपुन?"

कोणीतरी शेकोटीत काड्या मोडल्या. रांगेतलं कोणी कुरकुरलं नाही. पुढे कोणाच्या तरी सुनेचं बोलणं चालू झालं. मशीद केंद्राच्या मागेच आहे हे मला नंतर कळलं. चाचा जायचे, यायचे, आणि गाव तेवढा वेळ शेकत बसायचं. बावीस वर्षं ही रीत होती, म्हणून कोणाला ती सांगावीशीही वाटली नव्हती. चाचांनी मात्र ती माझ्यापासून लपवली होती. आपण उठून जातो म्हणूनच मशीन पडतं असं त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं होतं.

ते परत आले, किटली ओतली, पहिली नोंद गेली, आणि माझ्या डोळ्यांसमोर प्रोग्राम नाहीसा झाला.

वेळ का सरकते तेही आता उघड होतं. पहाटेची नमाज सूर्याच्या हिशोबाने असते. उन्हाळ्यात ती पाचच्या सुमारास, केंद्र उघडायच्या आधीच होऊन जाते. दिवस लहान होत गेले तशी ती साडेपाचच्या पुढे, दूध घ्यायच्या वेळेत आली. दसऱ्यानंतर आम्ही काही बदललं नव्हतं हे खरंच होतं. बदलला होता तो सूर्य.

पण नुसतं थांबल्याने प्रोग्राम का पडावा? त्या रात्री ऑफिसात मी तोच प्रोग्राम लावला. एक नोंद टाकली आणि हात मांडीखाली घेऊन बसलो. पाच मिनिटांनी दुसरी टाकली. गेली. पुन्हा एक टाकून सात मिनिटं थांबलो. पडला. दीड महिन्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर ऑफिसात पडला. दिवसाच्या लोकांना तो कधी पडला नाही, कारण शंभर नोंदी त्यांनी सटासट टाकल्या होत्या. थांबायचं कोणाला सुचणार? मग साडेपाच मिनिटं, साडेसहा मिनिटं असं करत मी सहा मिनिटांवर आलो. सहाच्या आत चालतो, सहाच्या वर पडतो.

सहा मिनिटं म्हणजे तीनशे साठ सेकंद. मी सर्व्हरची सेटिंग उघडून हा आकडा शोधला. एकाच ठिकाणी मिळाला.

गावातला प्रोग्राम सकाळी उघडला की सर्व्हरशी एक लाइन जोडतो आणि तीच लाइन दिवसभर वापरतो. अर्धा तास काही बोलणं झालं नाही तर तो ती स्वतः सोडून देतो आणि नवी जोडतो. सर्व्हरनेही गप्प पडलेली लाइन कधीतरी तोडायची असते, नाहीतर मेलेल्या लाइनींनी तो भरून जातो. फक्त सर्व्हरने गावापेक्षा जास्त वेळ धीर धरला पाहिजे. म्हणून सर्व्हरवर एक तास ठरला होता, तीन हजार सहाशे सेकंद. तिथे तीनशे साठ होते. एक शून्य कमी. सर्व्हर सहा मिनिटांत लाइन तोडत होता. गावातला प्रोग्राम ती जिवंत समजून तिच्यावर नोंद पाठवत होता, समोरून नकार यायचा, आणि असा नकार आला तर काय करायचं हे आम्ही त्याला शिकवलंच नव्हतं. तो गोंधळून बंद पडायचा. बाकीच्या गावांत भर संकलनात सहा मिनिटं कोणी थांबत नाही. एखादे वेळी थांबले असतील, पडला असेल, चालू केला असेल, सोडून दिलं असेल.

कोणती सेटिंग कोणी बदलली याची यादी आमच्याकडे राहते. मी ती उघडली. जून महिना, रात्री अडीच, आणि पुढे माझं लॉगिन.

मला आठवलं. त्या आठवड्यात सर्व्हर मेलेल्या लाइनींनी भरत होता, मॅडमनी सांगितलं होतं की तास ठेव, आणि मी झोपेच्या तारेत आकडा टाकून दिला होता.

ऑफिसात कोणी नव्हतं. एक शून्य घालायचं, बस. सकाळपासून प्रोग्राम पडला नसता, यादी कोणी उघडून पाहिली नसती, आणि गाव म्हणालं असतं, आलं वाटतं मशीन ताळ्यावर. मी बराच वेळ त्या आकड्यासमोर बसलो. मग चालू सर्व्हरवर एकट्याने हात घालायचा नाही हा नियम आठवला. खरं तर त्या नियमाचा मी आधार घेतला. पहाटे चारला मॅडमना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जांभई दिल्याचा आवाज आला. "शून्य घाल," त्या म्हणाल्या. "मी लाइनवर आहे. घातलंस? आता मोठ्याने वाच." मी वाचून दाखवलं. तीन, सहा, शून्य, शून्य. "झोपते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांना राग आला की नाही हे मला कळलं नाही, आणि ते न कळणं हे रागावण्यापेक्षा वाईट होतं.

मग मी ऑफिसातच बारा मिनिटं थांबून नोंद टाकून पाहिली. गेली. आता गावातून बघायचं होतं.

बुधवारी सकाळी मी पडदा लावून बसलो. सहा वाजले, सहा पाच, सहा दहा. नोंदी येतच होत्या, कुठे खंड नाही. गुरुवारीही तसंच. मला आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की मोकळी जागाच नाहीये. चाचा उठलेच नव्हते. चेअरमनचा फोन आला तो खुशीत. "बघा, पुतण्यानं हेरलं, म्हातारबुवा उठून आले की पडतं. मी त्यांना सांगितलं, खुर्ची सोडू नका. दोन दिस झालं, पडलं का?" मी सांगायला लागलो की दुरुस्ती आम्ही केली आहे, तर तो म्हणाला, व्हय व्हय, तुमी करूनच राहिले असाल.

मी चाचांना फोन केला. सगळं सांगितलं, शून्यापासून. चूक माझी आहे, तुमच्या उठण्याची नाही, हेही.

"चाचा, उद्या तुम्ही जा," मी म्हटलं.

"आन् पडलं तर, बाळा? समदं गाव हुभं असतंय तितं. बावीस वर्सं कुनी बोट दाखवलं न्हाई."

"पडलं तर मी चेअरमनला फोन करून सांगतो, गाढव मी आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "बघू." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "चहा घेतला का?"

शुक्रवारीही ते गेले नाहीत. मी पडद्यासमोर बसून होतो, आणि ज्या मोकळ्या जागेने मला दीड महिना झोपू दिलं नाही तिचीच वाट बघत होतो.

दुपारी झोप आली नाही म्हणून ऑफिसात जाऊन कमिटीसाठी पत्र लिहिलं. मॅडमनी वाचलं. त्यात मी लिहिलं होतं की जूनमध्ये सर्व्हरची एक वेळ मी चुकीची टाकली, त्यामुळे केंद्रावर सहा मिनिटांच्या वर काम थांबलं की प्रोग्राम बंद पडत होता, सचिवांचा यात काहीही दोष नाही. खाली माझं नाव.

"तांत्रिक अडचण एवढं लिहिलं तरी चालतं," मॅडम म्हणाल्या. "सगळे तेच लिहितात."

मी म्हटलं, तांत्रिक अडचण लिहिलं तर गावात म्हणतील की ती अडचण चाचा उठले की येते. कोणाचं तरी नाव लागेलच. त्यापेक्षा ज्याचं आहे त्याचं लागू दे. मनात म्हटलं, आता विचारतील शाळा.

मॅडमनी पेन घेतलं. माझ्या नावाच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं, सही केली. "तास ठेव हे मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "तपासलं मात्र नाही. यापुढे आकडा एकाने टाकायचा, दुसऱ्याने वाचायचा. रात्री असला तरी. मला उठवायचं." एवढं बोलून त्या दुसऱ्या कामाला लागल्या. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. खाली टायरवाला हवा भरत होता. बराच वेळ मला वर जाता आलं नाही.

शनिवारी थंडी फार होती. साडेपाचला चाचांचा फोन आला नाही. पहिल्यांदाच. नोंदी मात्र येत होत्या. मी फोन केला नाही. सहा वाजून तीन मिनिटांनी एक नोंद आली, गाईचं दूध, चार लिटर. त्यानंतर काही नाही.

सहा पाच. सहा सात. मी घड्याळाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होतो. सहा नऊला ती सहा मिनिटं उलटून गेली. तिकडे शेकोटी पेटली असेल, बाई बसली असेल, चेअरमनचा पुतण्या दारात उभा असेल. ऑफिसात चालतं ते गावात चालेलच असं नसतं, हे मला दोन वर्षांत चांगलं कळलं होतं. बारा मिनिटं झाली. चौदा झाली. आज त्यांना जास्तच वेळ लागला.

सहा अठराला पडद्यावर ओळ उमटली. म्हशीचं दूध, तीन लिटर दोनशे. तिच्याखाली लगेच दुसरी. मग तिसरी.

मी खुर्चीत मागे टेकलो. थोड्या वेळाने फोन वाजला. मागे किटल्यांचा आवाज होता, आणि कोणीतरी चाचांना हाक मारत होतं.

"जागा हाय ना?" चाचा म्हणाले.

मी घसा साफ केला आणि म्हटलं, हो.